शैक्षणिक कर्जाचा उतारा, कॉलेजच्या पावत्या आणि शिकत असतानाचे व्याज यांचा मेळ कसा घालावा

प्रश्न: मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी २०२३ मध्ये सरकारी बँकेकडून सुमारे पावणेसहा लाखांचे कर्ज मंजूर झाले. कॉलेजची फी वर्षाला १,५०,००० आहे. प्रवेशाच्या वेळी आम्ही स्वतः २५,००० भरले होते, आणि परीक्षा फी दरवर्षी ४,००० आम्हीच भरतो. कर्जखात्यात १८ ऑगस्ट २०२३ रोजी १,२५,००० आणि ५,२००, ४ सप्टेंबर २०२३ रोजी १७,५०० आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी १,४२,५०० नावे पडले आहेत. दोन वर्षांच्या पावत्यांची बेरीज ३,०८,००० येते आणि ३१ मार्च २०२५ रोजी बाकी ३,२७,२१६ दिसते. व्याजदर १०.५० टक्के होता, १५ फेब्रुवारी २०२५ पासून १०.२५ झाला. आम्ही कर्जखात्यात अजून काही भरलेले नाही. मंजुरीपत्रात सरळ व्याज लिहिले आहे. हे आकडे जुळत का नाहीत?

उत्तर:

पावत्यांची बेरीज, बँकेने दिलेली रक्कम आणि खात्यावरची बाकी हे तीन आकडे एकमेकांशी थेट जुळण्याची अपेक्षाच करू नये, कारण पहिला आकडा कॉलेजला कोणाकडूनही मिळालेले पैसे मोजतो, दुसरा फक्त बँकेने दिलेले पैसे मोजतो आणि तिसऱ्यात त्यावरचे व्याज मिसळलेले असते. म्हणून काम दोन टप्प्यांत करावे लागते. आधी पावत्यांवरून बँकेने दिलेल्या मुद्दलापर्यंत यायचे आणि मग मुद्दलावरून बाकीपर्यंत. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी दोन्ही टप्पे करून पाहिले. पहिला टप्पा रुपयाला रुपया जुळतो. दुसऱ्यात सुमारे २,४०० रुपये जास्त लागलेले दिसतात, आणि या फरकाचे स्वरूप पाहता तुमच्या खात्याला दरमहा चक्रवाढ व्याज लागत असावे असे माझे मत आहे. मी बँकेच्या कर्ज विभागात काम केलेले असल्यामुळे अशी खाती आतल्या बाजूनेही पाहिली आहेत. हे मत कसे बनले आणि तुमच्या हातातल्या उताऱ्यावरून त्याची खात्री कशी करायची, ते क्रमाने लिहितो.

आधी, कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे ते सांगणे आवश्यक आहे. सरकारी बँकांची शैक्षणिक कर्जे साधारणपणे इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेवर बेतलेली असतात. त्या योजनेत शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे परतफेड सुरू होईपर्यंतचा काळ सरळ व्याज धरलेले आहे, आणि चार लाखांवरील कर्जात देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के वाटा पालकांनी उचलायचा असतो. परंतु ही योजना म्हणजे एक नमुना आहे. प्रत्येक बँक ती आपल्या संचालक मंडळाच्या मंजुरीने स्वीकारते आणि तिच्यात थोडेफार बदल करते. खाजगी बँका आणि वित्त कंपन्या तर बऱ्याचदा शिकत असतानाच दरमहा व्याज भरण्याची अट घालतात, आणि ते भरले नाही तर हिशेबाची रीत बदलते. त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या मंजुरीपत्राचा आणि करारनाम्याचा असतो. तुमच्या पत्रात सरळ व्याज असे स्पष्ट लिहिलेले आहे, ही तुमच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे. त्या पानाची छायाप्रत आजच वेगळी काढून ठेवा.

आता पहिला टप्पा. पालक बहुतेक वेळा पावत्यांची फाईल आणि उतारा शेजारी ठेवून एकेक रक्कम शोधू लागतात, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. तुमची २५,००० ची पावती उताऱ्यात सापडणार नाही आणि उताऱ्यातले १७,५०० कोणत्याही पावतीवर सापडणार नाहीत. म्हणून रकमा न जुळवता शैक्षणिक वर्षे जुळवावीत. एका वर्षासाठी कॉलेजने किती मागितले, त्यातले कोणी किती भरले आणि बँकेने आपला वाटा कोणत्या मार्गाने दिला, हे तीन प्रश्न प्रत्येक वर्षाला स्वतंत्रपणे विचारावेत.

तुमच्या पहिल्या वर्षाची फी १,५०,०००. पाच टक्के म्हणजे ७,५०० तुमचा वाटा, आणि १,४२,५०० बँकेचा. प्रवेश निश्चित करताना तुम्ही २५,००० आधीच भरले होते, त्यामुळे कॉलेजला द्यायचे राहिले १,२५,०००. तेवढेच बँकेने १८ ऑगस्टला थेट कॉलेजला पाठवले. पण बँकेचा वाटा तर १,४२,५०० होता. उरलेले १७,५०० म्हणजे तुम्ही तुमच्या वाट्यापेक्षा जास्त भरलेली रक्कम. ती बँकेने ४ सप्टेंबरला, बहुधा तुमची २५,००० ची पावती पाहून, तुमच्या किंवा मुलाच्या बचत खात्यात परत दिली असणार. बचत खात्याच्या त्या आठवड्याच्या उताऱ्यात १७,५०० जमा दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील, तर ती रक्कम कोठे गेली हा प्रश्न व्याजाच्या आधी विचारायला हवा. सर्वच बँका आधी भरलेली फी अशी परत देत नाहीत. ज्या देतात त्या ठरावीक मुदतीतली मूळ पावती मागतात. तुमच्या बाबतीत ती मिळालेली दिसते.

दुसरे वर्ष सोपे आहे. बँकेने १,४२,५०० पाठवले, ७,५०० तुम्ही भरले, आणि कॉलेजने बहुधा १,५०,००० ची एकच पावती दिली. अशा एकत्र पावतीवर दोन भरण्यांचा तपशील असतो का ते पाहा. बँकेच्या एनईएफटीचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, पावतीवर छापलेला असेल तर उत्तम. नसेल तर बँकेकडून तो क्रमांक घ्या आणि पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. नाव, प्रवेश क्रमांक आणि शैक्षणिक वर्ष या तीन गोष्टीही पाहाव्यात. बँकेकडून आलेली फी कॉलेजच्या लेखा विभागात एकत्रित रकमेत येते, आणि मुलाच्या नावावर न चढता काही आठवडे तशीच पडून राहते, असे मी अनेकदा पाहिले आहे. बँकेने पैसे दिलेले असतात, व्याज सुरू झालेले असते आणि कॉलेज मात्र विलंब शुल्क मागत असते. अशा वेळी यूटीआर क्रमांक हाच एकमेव पुरावा कामाला येतो.

राहिले ५,२००. ही रक्कम वर्षाच्या फीच्या हिशेबात कोठेही बसत नाही, आणि पहिल्याच वितरणाच्या दिवशी नावे पडली आहे. माझ्या अनुभवात अशी रक्कम बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या आयुर्विम्याचा हप्ता असतो; बँक तो कर्जातच धरते आणि त्यावरही बाकीच्या मुद्दलाइतकेच व्याज लागते. उताऱ्यातल्या त्या नोंदीपुढचा मजकूर वाचा, विम्याचे प्रमाणपत्र मागा, आणि त्यासाठीच्या संमतीपत्रावर तुमची सही आहे का ते पाहा. सही असेल तर रक्कम योग्य आहे. सही नसेल तर तो वेगळा तक्रारीचा मुद्दा होतो, पण तो व्याजाच्या मुद्द्यात मिसळू नका.

आता सगळे एकत्र मांडू. पावत्यांची बेरीज ३,०८,०००. त्यातून परीक्षा फीचे ८,००० वजा करा, कारण ते तुम्ही भरले आणि बँकेकडे मागितलेच नाहीत. दोन वर्षांचा तुमचा वाटा १५,००० वजा करा. उरतात २,८५,०००, म्हणजे बँकेने फीपोटी दिलेली रक्कम. त्यात विम्याचे ५,२०० मिळवा. २,९०,२०० होतात, आणि तुमच्या उताऱ्यातल्या चारही नोंदींची बेरीज नेमकी तेवढीच आहे. पहिला टप्पा इथे संपला. यापुढे पावत्या बाजूला ठेवल्या तरी चालतील.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. दोन वर्षांत फीतला काही भाग शिष्यवृत्तीतून परत आला आहे का? महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांची रक्कम महाडीबीटीमार्फत पुष्कळदा वर्ष संपता संपता किंवा त्याहून उशिरा येते. कॉलेजने आधीच पूर्ण फी घेतलेली असेल, तर ही रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते किंवा कॉलेज पुढच्या वर्षाच्या फीत वळती करते. ज्या फीसाठी बँकेने कर्ज दिले तिचाच तो परतावा असल्यामुळे तो कर्जखात्यात भरणे योग्य, आणि तुमच्या फायद्याचेही आहे. नाहीतर परत आलेल्या पैशावरही व्याज चालूच राहते. पुढच्या फीत वळती झाली असेल तर तिसऱ्या वर्षी बँकेकडून तेवढी कमी रक्कम मागवावी.

दुसरा टप्पा व्याजाचा. सरळ व्याजाचा अर्थ असा की कोणत्याही दिवशीचे व्याज फक्त त्या दिवसापर्यंत दिलेल्या मुद्दलावर मोजायचे. आधी साचलेले व्याज त्यात धरायचे नाही. म्हणून मुद्दल किंवा दर जेव्हा जेव्हा बदलला, तेव्हा तेव्हा नवा टप्पा पाडायचा आणि प्रत्येक टप्प्याचे दिवस मोजायचे. तुमच्या खात्यात असे चारच टप्पे पडतात. एक्सेलमध्ये पहिल्या स्तंभात टप्पा सुरू होण्याची तारीख, दुसऱ्यात मुद्दल, तिसऱ्यात दिवस आणि चौथ्यात दर लिहिलात, तर पाचव्या स्तंभात एवढे एकच सूत्र पुरते:

```
=B2*C2*D2/36500
```

१८ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर २०२३ हे १७ दिवस मुद्दल १,३०,२०० होते. त्याचे व्याज १०.५० टक्क्यांनी ६३७ रुपये. ४ सप्टेंबर २०२३ ते ८ ऑगस्ट २०२४ हे ३४० दिवस मुद्दल १,४७,७००; व्याज १४,४४६. ९ ऑगस्ट २०२४ ते १४ फेब्रुवारी २०२५ हे १९० दिवस मुद्दल २,९०,२००, व्याज १५,८६२. पुढे १५ फेब्रुवारी ते ३१ मार्च हे ४५ दिवस तेच मुद्दल, पण दर १०.२५, व्याज ३,६६७. एकूण व्याज ३४,६१२ येते. मुद्दलात ते मिळवले की ३१ मार्च २०२५ ची बाकी ३,२४,८१२ असायला हवी. बँक ३,२७,२१६ दाखवते. फरक २,४०४ रुपयांचा.

फरक दिसला म्हणजे लगेच चूक सिद्ध होत नाही, आणि इथेच पुष्कळ तक्रारी फसतात. शाखेतून सहसा तीन उत्तरे मिळतात, त्यामुळे ती आधीच तपासून ठेवावीत. पहिले उत्तर म्हणजे लीप वर्ष. २०२४ मध्ये काही बँका ३६५ ऐवजी ३६६ ने भागतात. तसे केले असेल तर तुमचे व्याज सुमारे ५९ रुपयांनी कमी होते, वाढत नाही. दुसरे उत्तर म्हणजे दर उशिरा बदलला. रेपो दराशी जोडलेल्या कर्जाचा दर रिझर्व्ह बँकेने कपात केली त्याच दिवशी बदलतो असे नाही. तीन महिन्यांतून किमान एकदा तो नव्याने ठरला पाहिजे असा नियम आहे. समजा, तुमचा दर १५ फेब्रुवारीऐवजी १ एप्रिलला उतरला, तरी ४५ दिवसांत जास्तीत जास्त ८९ रुपयांचा फरक पडतो. तिसरे उत्तर असते रुपये-पैशांच्या पूर्णांकनाचे, आणि ते तर वीस-पंचवीस रुपयांच्या पुढे जात नाही. ही तिन्ही कारणे मिळूनही २,४०४ होत नाहीत.

म्हणून मी तोच हिशेब उलट्या बाजूने करून पाहिला. दर महिन्याचे व्याज महिन्याच्या शेवटी मुद्दलात मिळवले आणि पुढच्या महिन्याचे व्याज त्या वाढलेल्या रकमेवर काढले, तर ३१ मार्च २०२५ ची बाकी किती येते? ती ३,२७,२१६ येते, म्हणजे तुमच्या उताऱ्यातला आकडा जसाच्या तसा. इतका नेमका मेळ योगायोगाने बसत नाही.

तरीही मी तुम्हाला बँकेत जाण्यापूर्वी उताऱ्यावर स्वतःची खात्री करून घ्यायला सांगेन, आणि त्यासाठी एक्सेलचीही गरज नाही. ज्या काळात नवे वितरण झाले नाही आणि दरही बदलला नाही, अशा काळातले ३१ दिवसांचे दोन महिने निवडा. तुमच्यासाठी ऑक्टोबर २०२३ आणि डिसेंबर २०२३ चांगले आहेत. दोन्ही महिन्यांत मुद्दल १,४७,७००, दर १०.५० आणि दिवस ३१. सरळ व्याज असेल तर दोन्ही महिन्यांच्या अखेरीस नावे पडलेले व्याज अगदी सारखे, म्हणजे १,३१७ रुपये, असायलाच हवे. चक्रवाढ असेल तर ऑक्टोबरला साधारण १,३३३ आणि डिसेंबरला साधारण १,३५७ दिसतील. त्याच्या पुढे जानेवारी, मार्च, मे आणि जुलै हे ३१ दिवसांचे महिनेही पाहा. आकडा दरवेळी चढत जुलै २०२४ मध्ये १,४४२ च्या आसपास पोहोचलेला दिसेल. मुद्दल न बदलता सारख्या दिवसांच्या महिन्याचे व्याज चढत जाणे ही व्याजावर व्याज लागल्याची खूण आहे, आणि शाखेतल्या कोणत्याही अधिकाऱ्याला ती दोन ओळींवर बोट ठेवून दाखवता येते.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यापायी बरोबर असलेल्या खात्यांविषयीही तक्रारी होतात. दर महिन्याला व्याज नावे पडणे आणि त्यामुळे बाकी वाढत जाणे, एवढ्यावरून चक्रवाढ व्याज लागले असे म्हणता येत नाही. सरळ व्याजाच्या खात्यातही व्याजाची मासिक नोंद होतेच, आणि एकूण बाकीत ते दिसतेच. पुढच्या महिन्याचे व्याज कोणत्या रकमेवर मोजले, एवढाच प्रश्न महत्त्वाचा असतो. काही बँकांच्या मोबाइल ॲपमध्ये मुद्दल आणि साचलेले व्याज वेगवेगळे दिसते, काहींमध्ये फक्त एकत्र बाकी दिसते. एकत्र बाकी पाहून घाबरू नये, तसेच शाखेतून कोणी तोंडी सरळ व्याज आहे असे सांगितले म्हणून निश्चिंतही राहू नये.

सुरुवातीच्या महिन्याकडेही लक्ष द्यावे. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात व्याज आकारणीच्या काही चुकीच्या पद्धतींवर बोट ठेवले होते. प्रत्यक्ष वितरणाऐवजी मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणे, चेकने कर्ज देताना तो हातात देण्याच्या कितीतरी दिवस आधीच्या तारखेपासून व्याज लावणे, आणि महिन्याच्या मध्ये कर्ज देऊनही संपूर्ण महिन्याचे व्याज घेणे, या त्यातल्या पद्धती होत. जास्त घेतलेले व्याज परत करण्यास सांगितल्याचेही त्यात नमूद आहे. तुमच्या खात्यात ऑगस्ट २०२३ चे व्याज १४ दिवसांचे, म्हणजे ५२४ रुपये असायला हवे. पूर्ण महिन्याचे लावले असते तर ते १,१६१ दिसले असते. बाकीचा आकडा इतका नेमका जुळतो, त्यावरून ही चूक तुमच्याकडे नसावी, पण उताऱ्यातली पहिली ओळ एकदा डोळ्यांखालून घाला. १,४२,५०० चे व्याज दिवसाला ४१ रुपये होते. फी डिमांड ड्राफ्टने दिली असेल आणि तो ड्राफ्ट शाखेच्या टेबलावर दहा दिवस पडून राहिला असेल, तर तेवढ्या दिवसांचे व्याज विद्यार्थ्याच्या माथी का यावे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

२,४०४ रुपयांसाठी एवढी खटपट कशाला, असे घरात कोणी म्हणेल. चक्रवाढीचा फरक दरवर्षी सारखा राहत नाही, तो वेगाने वाढतो. पहिल्या वर्षी दिलेल्या एक लाख रुपयांचा विचार करा. चार वर्षांचे शिक्षण आणि पुढचे एक वर्ष मिळून पाच वर्षांत १०.५० टक्क्यांनी सरळ व्याज ५२,५०० होते. दरमहा चक्रवाढीने तेच सुमारे ६८,६६० होते. म्हणजे एका लाखामागे सोळा हजारांहून अधिक. आणि परतफेड सुरू होण्यापूर्वीचा हा काळ संपला की साचलेले सर्व व्याज मुद्दलात मिळवून त्यावर मासिक हप्ता ठरतो. चुकीचे व्याज एकदा त्या नव्या मुद्दलात गेले की ते वेगळे काढून दाखवणे फार कठीण होते, आणि त्यावर पुढे दहा-पंधरा वर्षे रीतसर व्याज चालू राहते. दुरुस्ती करून घ्यायची योग्य वेळ आत्ताची आहे, हप्ता सुरू झाल्यानंतरची नव्हे.

बँकेला लिहिताना अर्ज छोटा ठेवा. पहिल्या परिच्छेदात मंजुरीपत्राचा दिनांक आणि त्यातले सरळ व्याजाचे वाक्य जसेच्या तसे लिहा. दुसऱ्यात ऑक्टोबर आणि डिसेंबर २०२३ च्या व्याजाचे आकडे देऊन, मुद्दल आणि दिवस सारखे असूनही ते वेगळे का आहेत असे विचारा. तिसऱ्यात चार टप्प्यांचा तक्ता जोडल्याचे सांगा आणि दोन गोष्टी मागा: जास्त नावे पडलेल्या व्याजाची उलट नोंद, आणि खात्याच्या संगणकीय मांडणीत व्याजाची पद्धत बदलल्याची लेखी पुष्टी. ही दुसरी मागणी विसरू नका. पुष्कळदा शाखा तक्रार मिटवण्यासाठी फरकाची रक्कम जमा करते, पण खाते उघडताना संगणकात चुकीची निवडलेली पद्धत तशीच राहते, आणि पुढच्या महिन्यापासून पुन्हा तेच सुरू होते. दुरुस्तीनंतर ३१ दिवसांचे दोन महिने पुन्हा ताडून पाहिल्याशिवाय फाईल बंद करू नये.

अर्ज शाखेत देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या, आणि बँकेच्या तक्रार निवारण कक्षाकडेही नोंदवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. माझा अनुभव असा आहे की तक्ता आणि मंजुरीपत्राचे पान एकत्र समोर ठेवले की शाखेच्या पातळीवरच बहुतेक प्रकरणे सुटतात, कारण आकडे पाहिल्यावर वाद घालायला फारसे काही उरत नाही.

उत्पन्नाविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत मुलाचे नाव घेतलेले असेल, तर शिक्षणाच्या काळातले व्याज सरकार भरते आणि ती रक्कम कर्जखात्यात जमा होते. अशी जमा आली असेल तर माझ्या चार टप्प्यांच्या तक्त्यात ती तारखेसह घ्यावी लागेल. तुमच्या बाकीत तसे काही दिसत नाही. पात्र असाल तर शाखेत उत्पन्नाच्या दाखल्यासह लगेच चौकशी करा. तसेच, तुम्ही शिकत असतानाच व्याज भरायचे ठरवलेत, तर आदर्श योजनेनुसार बँक दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देऊ शकते. ती तुमच्या बँकेत आहे का ते मंजुरीपत्रात पाहा. मात्र प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जासाठीची वजावट प्रत्यक्ष भरलेल्या व्याजालाच मिळते, नुसत्या साचलेल्या व्याजाला मिळत नाही, आणि ती व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून आठ वर्षेच मिळते. शिवाय फक्त जुनी करपद्धत निवडणाऱ्याला. वडिलांच्या उत्पन्नातून थोडे थोडे व्याज आत्ताच भरले, तर त्यांची आठ वर्षे आत्तापासूनच मोजली जातात. चुकीचे व्याज दुरुस्त होण्यापूर्वी मात्र असा भरणा सुरू करू नका, कारण मग जमा रक्कम कोणत्या व्याजापोटी वळती झाली याचाही हिशेब सोडवत बसावे लागेल.

तिसऱ्या वर्षाची फी येत्या जुलै-ऑगस्टमध्ये जाईल. त्या वेळी कॉलेजचे मागणीपत्र शाखेत देतानाच तुमच्या ७,५०० च्या भरण्याची पावती सोबत जोडा, रक्कम ड्राफ्टऐवजी थेट कॉलेजच्या खात्यात पाठवायला सांगा आणि त्याच दिवशी यूटीआर क्रमांक मागून घ्या. परीक्षा फी तुमच्या मंजुरीपत्रातल्या खर्चाच्या यादीत आहे का तेही पाहा. असेल तर दरवर्षी स्वतः भरत असलेल्या ४,००० पैकी ३,८०० बँकेकडून घेता येतील, पण तेवढ्याने मुद्दल वाढेल आणि पुढच्या टप्प्याची सुरुवात त्या तारखेपासून धरावी लागेल.